कड्यावरच्या त्रिकोणाबद्दल

★☆☆☆☆
"जुनं इंग्लिश चांदीचं कडं म्हणून घेतलं. घरी भिंगाने पाहिलं तर सिंहाचा ठसाच नाही! त्रिकोण, .९२५ आणि एक अक्षर, एवढंच. आमच्या ओळखीच्या सराफांनी सांगितलं की त्रिकोण म्हणजे आपला बीआयएस, माल इथलाच आहे. सरळ फसवणूक. कोणीही जाऊ नका."

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार ताई. आधी आमची चूक सांगतो. पावतीवर आमच्या मुलाने "इंग्लिश चांदी" असं लिहिलं, ते लिहायला नको होतं. "बर्मिंगहॅमला कस लावलेली, बाहेरून आलेली" असं लिहिलं असतं तर तुम्हाला सिंह शोधत बसावं लागलं नसतं. पण तो त्रिकोण बीआयएसचा नाही. का, ते इथेच लिहितो, कारण हा घोळ याआधीही दोनदा आमच्या दुकानात झालाय.

चालत्या सिंहाचा ठसा तेव्हा इंग्लंडमध्येच घडवलेल्या स्टर्लिंग चांदीवर मारला जायचा. बाहेरच्या देशातून आलेला दागिना इंग्रजी म्हणून खपू नये, यासाठी १९०४ पासून आयात मालाला वेगळे ठसे ठरवले गेले. बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूण म्हणजे नांगर, जहाजाचा. आयात मालावर मात्र नांगराऐवजी समभुज त्रिकोण आला आणि सिंहाच्या जागी नुसता आकडा, .९२५. म्हणजे सिंह नाही, ही तुमची तक्रार बरोबर आहे. पण तो नसणं हाच तर त्या कड्याचा दाखला आहे. कडं दुसऱ्या कुठल्या तरी देशात घडलं आणि बर्मिंगहॅमला तपासलं गेलं. नेमकं कुठे घडलं, हे ठसा सांगत नाही. तुमच्या यादीत नसलेला आद्याक्षरांचा जो चौथा ठसा आहे, तोही अशा मालावर बहुतेक वेळा आयात करणाऱ्या पेढीचा असतो, कारागिराचा नव्हे.

आता बीआयएसचं. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झालं. तुमच्या कड्याची बिजागरी झिजून सैल झालीय, आतली कड हाताला गुळगुळीत लागते. वीस वर्षांत असं होत नाही. शिवाय बीआयएसच्या त्रिकोणाच्या आत चिन्ह असतं. तुमचा त्रिकोण आतून रिकामा आहे. आकड्याआधी टिंब आहे आणि तो लंबगोल चौकटीत आहे, हेही पाहा. शेजारचं अक्षर वर्षाचं. तिथे दर पंचवीसेक वर्षांनी तीच अक्षरं पुन्हा येतात, फक्त वळण आणि भोवतीची चौकट बदलते, त्यामुळे नुसतं अक्षर वाचून भागत नाही. आमच्या तक्त्याशी जुळवलं तेव्हा ते १९२० च्या दशकातलं निघालं.

(फ्रान्सवाल्यांची रीत मला जास्त प्रामाणिक वाटते. चांदी कुठली ते कळत नसेल तर १८९३ पासून ते त्यावर हंसाचा ठसा मारू लागले. कस उतरला, गाव ठाऊक नाही, असा साधा हिशेब.)

खोट कुठे असू शकते, तेही सांगतो. ठसा खरा असला तरी तो दुसऱ्या जुन्या वस्तूतून कापून इथे डाखाने बसवलेला असू शकतो. ठशाच्या जागेवर तोंडाने वाफ सोडा. डाखाची रेघ असेल तर वाफ विरताना ती चौकटीसारखी उमटते. आम्ही विकण्याआधी पाहिलं होतं, रेघ नव्हती. दुसरं म्हणजे कड्याची बारीक साखळी मागाहून बसवलेली आहे, तिच्यावर ठसा नाही. तिच्या चांदीची हमी बर्मिंगहॅमचा ठसा देत नाही. हे आम्ही तोंडी सांगितलं होतं, पण पावतीवर लिहिलं नाही, तेही आमचंच चुकलं.

तुमच्या सराफांचा राग नाही. आपल्याकडे रोज हातात येतो तो बीआयएसचा त्रिकोण, दुसरा कशाला आठवेल? त्यांनाही घेऊन या. दहापटीच्या भिंगाखाली बीआयएसचा एखादा नवा दागिना आणि तुमचं कडं शेजारी ठेवून पाहू. मशीनवर कड्याचा आणि साखळीचा कस वेगवेगळा काढून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

ठेवायचं असेल तर साखळीचा उल्लेख करून पावती नव्याने लिहून देतो. नको असेल तर कडं आणि जुनी पावती घेऊन या, पूर्ण रक्कम परत मिळेल, घट धरणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, तेवढं सोडून कधीही या.