उदयनाचार्यांचा घट आणि पेलीचं घड्याळ

"उदयनाचार्यांचं ईश्वरानुमान म्हणजे पेलीच्या घड्याळाचीच जुनी आवृत्ती. दोन्ही साधर्म्यावर उभे, म्हणून ह्यूमच्या टीकेने दोन्ही एकदम कोसळतात."
(खानदेशातल्या एम.ए. तत्त्वज्ञानाच्या गटांत फिरणारा मजकूर)

आधी हेतू, म्हणजे अनुमान ज्या कारणावर उभं आहे ते, तपासा. घड्याळाच्या रचनेवरून घड्याळजी, तसा जगाच्या रचनेवरून ईश्वर असं मांडणारा पेली (१८०२) माळरानावरचा दगड बाजूला ठेवतो. तो कायमचाच तिथे असेल, असं म्हटलं तरी त्याचं बिघडत नाही. त्याला हवी प्रयोजनासाठी जुळवलेली रचना. उदयनांसारख्या नैयायिकाच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याच्या दृष्टीने तो दगडही पक्षातच येतो, म्हणजे ज्यांच्याबद्दल सिद्ध करायचं त्या वस्तूंतच. दगड सावयव, म्हणजे भागांचा बनलेला आहे, म्हणून कार्य, म्हणजे उत्पन्न झालेली वस्तू आहे, आणि कार्य आहे म्हणून सकर्तृक, म्हणजे कर्ता असलेला. अनुमान असं: क्षिती म्हणजे पृथ्वी, अंकुर वगैरे सकर्तृक आहेत, कार्यत्वामुळे, घटाप्रमाणे. इथे घट केवळ दृष्टांत. सगळा भार "जे जे कार्य ते ते सकर्तृक" या व्याप्तीवर, म्हणजे सार्वत्रिक नियमावर आहे. सेमिनारच्या पेपरात हेतूच्या जागी "सुंदर रचना" लिहिलीत, की तुम्ही पेलीच मांडलात.

मग व्याप्तीच मोडता येईल का? केळीच्या बुंध्याशी फुटणारं पील घ्या. शेतकऱ्याला ते नको असतं, तो कापून टाकतो, तरी ते येतंच. कार्य आहे, कर्ता दिसत नाही. हा व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारं उदाहरण झालं ना? नाही. पील अंकुरात, म्हणजे पक्षात येतं, आणि वाद ज्याच्याबद्दल आहे तेच विरोधी उदाहरण म्हणून चालत नाही. ही पळवाट वाटेल, पण पक्षातलं उदाहरण चालवलं तर धुरावरून अग्नीचं अनुमानही डोंगरावर अग्नी दिसत नाही म्हणून मोडावं लागेल.

खरी झटापट कर्त्याला शरीर लागतं का, यावर होते. प्रतिपक्ष म्हणतो: क्षिती अकर्तृक आहे, कारण ती शरीरजन्य नाही, आकाशासारखी. उत्तर: आकाशाला कर्ता नाही, कारण ते मुळात जन्यच नाही. "अजन्य" एवढ्यानेच काम भागतं, "शरीर" हे विशेषण व्यर्थ ठरतं. आणि क्षिती तर जन्य आहे, म्हणून नुसतं "अजन्यत्व" तिला लागूच होत नाही.

ह्यूमचे "संवाद" १७७९ साली छापले गेले. साधर्म्य दुबळं असल्याचा त्याचा आक्षेप उदयनांना नीट लागत नाही. लागतो तो बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीचा, आणि तो उदयनांच्याही काही शतकं आधीचा. घट मातीचा विकार, वारूळही मातीचा विकार; मग वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? त्याचा रोख असा की, कर्ता असताना जशी रचना होते नि नसताना होत नाही असं आपण पाहिलेलं असतं, तसल्याच रचनेवरून कर्ता कळतो. नुसत्या "कार्य" या सामान्य शब्दावरून नाही. हा घाव थेट व्याप्तीवर आहे.

"पहिलं कारण" हा मुद्दा इथे लावूच नका. न्यायात परमाणू, आत्मे आणि सृष्टि-प्रलयाची परंपरा अनादि आहेत. ईश्वर कुंभारासारखा निमित्तकारण आहे, मातीसारखं उपादान नाही. म्हणून कार्यत्वातून फक्त कर्ता मिळतो. उपादानाचं प्रत्यक्ष ज्ञान असल्याशिवाय कर्ता होता येत नाही, म्हणून परमाणू जाणणारा सर्वज्ञ मिळतो. आणि तो एकच आहे, हे लाघवाने, म्हणजे कमीत कमी गृहीत धरण्याच्या तत्त्वाने ठरतं. ह्यूमचा "देवांची टोळी का नको?" हा प्रश्न नेमका या लाघवाच्या पायरीला विचारायचा.