बर्गामॉटचे तेल, ऊन आणि हातावर घेतलेली चाचणी

दावा असा: «बर्गामॉटचं तेल शंभर टक्के नैसर्गिक असतं, त्याने त्वचा भाजत नाही. कुणाला त्रास झालाच तर ती त्याची अ‍ॅलर्जी. आधी हातावर थेंब लावून बघा, काही झालं नाही तर बेस ऑइलमध्ये मिसळून बिनधास्त लावा. उन्हात जाताना वरून सनस्क्रीन लावलं की झालं.»

हे भाजणे अ‍ॅलर्जी नव्हे, आणि बाकीच्या चुका याच एका गैरसमजातून निघतात. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू मानते, त्यामुळे ती काहींना होते आणि काहींना होत नाही. बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचा फ्युरोकूमारिन गटातला पदार्थ असतो. त्याचा रेणू त्वचेच्या पेशींत शिरून डीएनएच्या धाग्यांमध्ये जाऊन बसतो आणि अंधारात तिथे बहुतांशी निरुपद्रवी असतो. सूर्यप्रकाशातले यूव्हीए किरण पडले की मात्र तो डीएनएशी पक्का जोडला जातो आणि पेशी मरू लागतात. पुरेसे तेल आणि पुरेसा प्रकाश एकत्र आले, तर हे कोणाच्याही त्वचेवर, अगदी पहिल्याच वेळी घडू शकते. नैसर्गिकपणाचा इथे काही उपयोग नाही, कारण बर्गाप्टेन हा त्या फळाने स्वतःच बनवलेला पदार्थ आहे.

म्हणूनच हातावर थेंब लावून घेतलेली चाचणी दिलासा देते, माहिती देत नाही. ती बहुधा घरात, बाहीखाली घेतली जाते. म्हणजे ज्या प्रकाशाशिवाय ही प्रतिक्रिया होतच नाही, तोच चाचणीतून वगळलेला असतो. शिवाय वेळ फसवते. समजा, एखादीने सकाळी मान आणि हातांना हे मिश्रण लावले आणि दुपारी तासभर उन्हात काढला. संध्याकाळी त्वचा स्वच्छ दिसते. साधारण दुसऱ्या दिवशी लाली आणि जळजळ सुरू होते, ती दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि तीव्र प्रकारात फोड येतात. तोवर सकाळचे तेल कुणाच्या लक्षातही राहिलेले नसते. दोष साबणाला, घामाला किंवा जेवणाला जातो. ओळखण्याची खूण आकारात आहे: तेल जिथे लागले आणि ऊन जिथे पडले तेवढीच त्वचा भाजते, त्यामुळे कडा रेखीव असतात आणि तेल ओघळले असेल तर त्या ओघळाचाच पट्टा उमटतो. फोड बरे झाल्यावर उरणारा तपकिरी डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने जात नाही. बर्गामॉटचे तेल असलेले कोलोन लावलेल्या मानेवरचे असे ओघळते डाग त्वचारोगतज्ज्ञांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक आहेत. त्यांना बर्लोक डर्मटायटिस म्हणतात.

मिसळून लावण्याचा सल्ला मुळात चुकीचा नाही, पण त्यात प्रमाणच सांगितलेले नाही आणि सगळा प्रश्न प्रमाणाचाच आहे. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, हिने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी दाबून काढलेल्या बर्गामॉट तेलाची मर्यादा 0.4 टक्के ठरवली आहे. 10 मिलीलिटर बेस ऑइलमध्ये हे प्रमाण 0.04 मिलीलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब होते. घरगुती कृतींत तेवढ्याच तेलात पाच-सहा थेंब सर्रास सांगितले जातात. आपण तेल सौम्य केले अशी त्या माणसाची प्रामाणिक समजूत असते आणि मर्यादा मात्र पाचपट ओलांडलेली असते.

सनस्क्रीनबद्दल थोडक्यात. डब्यावरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांपासूनचे संरक्षण सांगतो आणि इथला उपद्रव यूव्हीएचा आहे. यूव्हीए रोखणारे सनस्क्रीन असले तरी ते पातळ लागते, घामाने निघून जाते. त्याच्या भरवशावर हे तेल लावू नये. खिडकीची साधी काचही यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते, तेव्हा गाडीत बसल्याने सुटका होत नाही.

ज्यांना हा सुगंध त्वचेवर हवाच आहे, त्यांनी बाटलीवर एफसीएफ किंवा बर्गाप्टेनमुक्त असे लिहिलेले तेल घ्यावे; त्यातून फ्युरोकूमारिन काढून टाकलेले असतात. साधे तेल मर्यादेपेक्षा जास्त लावले गेले असेल, तर तो भाग लगेच साबणाने धुवावा आणि पुढचे किमान बारा तास, शक्यतो त्याहून जास्त, कपड्याखाली झाकून ठेवावा. फोड आलेच तर ते फोडू नयेत, डॉक्टरांना दाखवावे आणि तेलाचा उल्लेख आपणहून करावा.

या दाव्यावरच्या प्रतिक्रियांत सगळीच लिंबूवर्गीय तेले घातक ठरवली जातात, तेही बरोबर नाही. गोड संत्र्याच्या तेलाने असे भाजत नाही. लाइमचे सालीतून दाबून काढलेले तेल भाजवते, पण त्याच फळाचे ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल भाजवत नाही, कारण फ्युरोकूमारिनचे जड रेणू वाफेबरोबर वर येत नाहीत. तेव्हा बाटलीवर फळाच्या नावाइतकीच तेल काढण्याची पद्धतही वाचावी, आणि ती लिहिलेली नसेल तर ते तेल दाबून काढलेले आहे असेच धरून चालावे.