‘दर १० मिनिटांनी’ची पाटी आणि ४१२७ नंबरची बस

आमच्या थांब्यावर एक निळी पाटी आहे. तिच्यावर मार्गाचा क्रमांक आणि खाली लिहिलंय, ‘दर १० मिनिटांनी’. गेली कित्येक वर्षं ही पाटी वाचत मी वीस-वीस मिनिटं उभी राहिलेय. गेल्या महिन्यात रजा होती, घरात पाहुणे नव्हते, तेव्हा म्हटलं एकदा मोजूनच टाकू. सकाळी आठला डबा, पाण्याची बाटली आणि वही घेऊन थांब्याच्या बाकड्यावर बसले. शेजारच्या पानवाल्याला वाटलं मी कसला तरी सर्व्हे करतेय. तसं ते होतंच म्हणा.

करायचं एकच. आपल्या मार्गाची, एका दिशेची बस आली की तिच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. ४१२७ ही माझी पहिली बस, ८ वाजून ४ मिनिटांनी आली. मग दुसरी, तिसरी, असं लिहीत बसायचं, ४१२७ पुन्हा त्याच दिशेने येईपर्यंत. ती आली १० वाजून २२ मिनिटांनी. म्हणजे ती बस पुढच्या टोकाला जाऊन, तिथे थांबून, परत फिरून, अलीकडच्या टोकाला थांबून पुन्हा माझ्यासमोर यायला १३८ मिनिटं लागली. आणि मधल्या वेळात, ४१२७ धरून, ११ वेगवेगळ्या बस माझ्यासमोरून गेल्या.

झालं. कुठल्या कार्यालयात अर्ज नाही, माहितीचा अधिकार नाही. मार्गावर ११ बस आहेत आणि एका बसला जाऊन-येऊन १३८ मिनिटं लागतात. १३८ भागिले ११, म्हणजे साडेबारा मिनिटं. बस अगदी समान अंतराने आल्या तरी आमच्या थांब्यावर साडेबारा मिनिटांपेक्षा लवकर येणं शक्यच नाही. ड्रायव्हर कितीही गुणी असो. (शिफ्ट बदलताना एखादी बस डेपोत जाते आणि परत दिसतच नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन बसवर नजर ठेवायची आणि जी परत येईल तिच्यावरून हिशेब करायचा.)

हे घरी सांगितल्यावर आमच्या भाच्याने लगेच विचारलं, “मावशी, दर दहा मिनिटांनी म्हणजे तासाला सहा बस. मग ११ आहेत तर जास्तच झाल्या की!” हा घोटाळा बहुतेकांचा होतो, पेपरवाल्यांचाही. तासाला सहा बस सुटायला हव्यात हे खरं, पण आठला सुटलेली बस नऊला परत स्टँडवर आलेली नसते. समजा जाऊन-येऊन, दोन्ही टोकांचं थांबणं धरून, बरोबर दोन तास लागतात. आठ, आठ दहा, आठ वीस अशा बस सोडत गेलो. नऊ वाजता पहिली बस अजून पलीकडच्या टोकाला आहे, म्हणून सातवी बस द्यावी लागते. असं करत नऊ पन्नासला बारावी सुटते. दहा वाजता पहिली परत येते आणि तीच पुन्हा लावता येते. म्हणून १२० भागिले १०, बारा बस. त्यातल्या साधारण निम्म्या एका वेळी जात असतात आणि निम्म्या येत असतात.

नियम एवढाच: पूर्ण फेरीचा वेळ भागिले दोन बसमध्ये हवं असलेलं मिनिटांचं अंतर. उत्तर अपूर्णांकात आलं तर वरच्या पूर्णांकावर जायचं, कारण पाऊण बस रस्त्यावर सोडता येत नाही. उरलेली मिनिटं टोकाला थांबण्यात जातात.

आता आमच्या मार्गाचं बघू. १३८ भागिले १०, म्हणजे १३.८. वर गेलो तर १४ बस. फेरी १४० मिनिटांची होईल आणि ड्रायव्हरला टोकाला दोन मिनिटं जास्त मिळतील. आहेत ११. तीन कमी. पाटी खोटी आहे ती इथे.

पण खोटी मुद्दाम लिहिलेली नाही, आणि मला खरी गंमत इथेच वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर पुन्हा जाऊन बसले. तेव्हा फेरी ११२ मिनिटांत पूर्ण होत होती. ११२ भागिले ११, सव्वादहाच्या आसपास. म्हणजे दुपारी पाटी जवळजवळ खरी आहे! ज्या वेळी थांब्यावर मी आणि एक झोपलेलं कुत्रं असतो, त्या वेळी. सकाळी, जेव्हा अख्खं गाव कामाला निघतं, तेव्हा रस्ता फेरी २६ मिनिटांनी लांबवतो आणि बस तेवढ्याच राहतात. बसची संख्या ठरवताना सगळ्यात वाईट तासाची फेरी धरायला हवी, दिवसाची सरासरी नाही. आणि त्या तासातलाही एक बरा दिवस धरून चालत नाही, दहापैकी आठ-नऊ दिवस ज्या वेळेत फेरी पुरी होते तो आकडा धरायचा.

स्टँडवरच्या टाइमकीपरकाकांशी बोलले. निवृत्तीला आलेले, चहा पाजला तर मोकळेपणाने बोलणारे. त्यांच्याकडच्या तक्त्यावर जायला ५४, यायला ५४ आणि दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटं, म्हणजे बरोबर १२० लिहिलेलं होतं. बस बारा. “हा तक्ता जुना आहे ताई. तेव्हा पुलाचं काम नव्हतं, मधले चार सिग्नल नव्हते. आणि बारावी गाडी रोज कुठल्या ना कुठल्या कारणाने डेपोतच असते.” कागद चुकलेला नाही, शिळा झालाय.

मी विचारलं, मग टोकावरची ती सहा मिनिटं कापली तर? काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली. आणि बरोबरच होतं त्यांचं. ती सहा मिनिटं ड्रायव्हरच्या चहासाठी आणि बाथरूमसाठी आहेतच, पण हिशेबात त्यांचं दुसरंही काम आहे. चार मिनिटं उशिरा आलेली बस त्या सहा मिनिटांतून चार खाते आणि परतीला वेळेवर सुटते. उशीर तिथेच विरतो. ती मिनिटं शून्य केली की सकाळचा चार मिनिटांचा उशीर दुपारपर्यंत त्या बसला चिकटून राहतो, प्रत्येक फेरीत वाढत जातो. कागदावर एक बस वाचते आणि थांब्यावर दोन बस जोडीने यायला लागतात.

जोडीने का, तेही सांगते. उशीर झालेल्या बसला पुढच्या थांब्यांवर जास्त माणसं उभी मिळतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागची बस मात्र रिकामी, कारण तिची माणसं पुढची उचलत जाते, म्हणून ती भरभर येते आणि पुढचीला गाठते. यात कुणाचाही आळस नाही.

माझ्या वहीतली ११ अंतरं अशी होती: १४, ३, २१, २, १७, ११, ४, २४, ३, १९, २० मिनिटं. बेरीज १३८. सरासरी साडेबारा, आणि सरासरीवर विश्वास ठेवला तर वाट बघायची त्याच्या निम्मी, सव्वासहा मिनिटं. पण बघा, १७ किंवा त्याहून मोठी अंतरं पाच आहेत आणि त्यांची बेरीज १०१. म्हणजे १३८ पैकी १०१ मिनिटं अशी होती की त्या वेळात थांब्यावर आलेला माणूस लांबलचक खिंडारातच सापडणार. दोन-तीन मिनिटांच्या अंतरात जेमतेम कुणी येतं. सगळं धरून हिशेब केला तर सरासरी वाट पावणेनऊ मिनिटांची निघते, जणू दर साडेसतरा मिनिटांनी बस आहे. ९:१६ ला एक बस गेली, त्यानंतर थेट ९:४०. तिच्या दाराला माणसं लोंबकळत होती. ९:४३ ची मागून आली, ती अर्धी रिकामी. त्यात बसलेल्या एका आजोबांनी मला हात केला.

म्हणून ‘शहराला आणखी इतक्या नव्या बस मिळणार’ अशी बातमी आली की मला आता फार आनंद होत नाही. कुठल्या मार्गावर, कितव्या तासाला? आमच्या मार्गाला तीन बस दिल्या तरी त्या सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन तासच लागणार. दुपारी त्या उभ्या राहणार, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर मात्र दिवसभराचे. शिवाय १४ रस्त्यावर हव्या असतील तर दुरुस्तीसाठी वर एखाद-दोन लागतातच, नाहीतर पुन्हा ‘बारावी डेपोत’.

माझं मत असं, की आधी तीन बस मागण्यापेक्षा १८ मिनिटं मागावीत. फेरी १३८ वरून १२० वर आली तर तक्त्यावरच्या बारा बस पुरतात. हेही त्याच भागाकारातून येतं: दहा मिनिटांच्या अंतराच्या मार्गावर फेरीतली दहा मिनिटं वाचली की एक अख्खी बस मोकळी होते, ड्रायव्हर-कंडक्टरसकट. न विकत घेता.

मिनिटं सांडतात कुठे ते बघायला एक दिवस टोकापासून टोकापर्यंत गेले. एका दिशेला ३१ थांबे, म्हणजे फेरीत ६२. प्रत्येक थांब्यावर फक्त आठ सेकंद वाचली तरी आठ मिनिटं होतात. आणि आठ सेकंद वाचवणं अवघड नाही. आमच्याकडे थांब्याच्या तोंडाशीच रिक्षा लागलेल्या असतात, बस रस्त्याच्या मधोमध उभी राहते, म्हाताऱ्या बायका खाली रस्त्यावर उतरून मग वर चढतात. अहमदाबादच्या ‘जनमार्ग’ या बससाठी राखीव मार्गावर २००९ पासून तिकीट आधी स्टेशनवर काढतात आणि फलाट बसच्या दाराच्या उंचीला असतो. तेवढं सगळं आमच्याकडे लगेच नको, पण थांब्यापुढची २० मीटर जागा मोकळी ठेवायला काय लागतं? उरलेल्या दहापैकी पाच-सहा मिनिटं एकाच चौकात आहेत, जिथे बसला उजवीकडे वळायचंय आणि त्या वळणाचा सिग्नल इतका आखूड की एका वेळी दोनच बस सुटतात. त्या दिवशी आम्ही तिथे तीन वेळा हिरवा दिवा बघितला.

हे सगळं लिहून रीतसर पाठवलंय. उत्तर आलं तर इथे टाकेन. तोवर ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या थांब्यावर एक सकाळ काढा आणि कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: मार्ग, पहिली बस परत यायला लागलेली मिनिटं आणि मधल्या वेगवेगळ्या बसची संख्या. भागाकार मी करते. मंगळवारी संध्याकाळी मी समोरच्या बाजूच्या थांब्यावर असेन. ४१२७ चा ड्रायव्हर आता मला ओळखतो. परवा खिडकीतून ओरडला, “आज कितीत आलो?”