‘रिपोर्ट येईपर्यंत थांबा’ हा सल्ला गरोदर स्त्रीला देऊ नका

‘गरोदर बाईला आणि लहान मुलांना स्वाइन फ्लूची गोळी देऊ नये, पोटातल्या बाळाला अपाय होतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये. दोन दिवस उलटून गेले की गोळीचा काही उपयोग नसतो. गरोदरपणात धाप लागतेच, घाबरू नका. ताप उतरला की धोका टळला.’

हा निरोप कुटुंबांच्या गटांतून फिरतो आहे. त्यातील प्रत्येक वाक्य उपचार लांबवणारे आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

पहिली गोष्ट गोळीच्या भीतीची. या औषधाचे नाव ऑसेल्टामिविर. २००९ च्या साथीपासून जगभर हजारो गरोदर स्त्रियांनी ते घेतले आहे आणि त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. बाळाला अपाय होतो तो आईच्या चढत्या तापाने आणि तिच्या रक्तातील प्राणवायू कमी पडल्याने. दिवस भरत येतात तसे गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुसांत राखीव हवा कमी उरते आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे न्यूमोनिया झाला तर गरोदर स्त्री इतरांपेक्षा लवकर ढासळते. २००९ मध्ये अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का होत्या, पण या आजाराने झालेल्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे पाच टक्के होता. गोळीचा खरा त्रास म्हणजे मळमळ आणि उलटी, आणि खाऊन घेतल्यास तोही बराच कमी होतो. गरोदरपणात मात्रा कमी करायची नसते: ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतही हाच धोका मानून उपचार करतात, आणि औषध चालू असताना बाळाला अंगावर पाजता येते. मास्क लावावा आणि हात धुवावेत, एवढेच पथ्य.

लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते. वर्षाच्या आतील बाळाला किलोमागे ३ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. वर्षाच्या पुढचे, पण १५ किलोपर्यंतचे मूल असेल तर एका वेळी ३० मिलिग्रॅम. घरी चूक होते ती पातळ औषध मोजताना, कारण ते दोन तीव्रतांमध्ये मिळते. बाटलीवर मिलिलिटरमागे १२ मिलिग्रॅम लिहिले असेल तर ३० मिलिग्रॅमसाठी अडीच मिलिलिटर लागतात, ६ लिहिले असेल तर पाच. चहाच्या चमच्याने अंदाज करू नये, सिरिंजने मोजावे. हे औषध प्रत्येक सर्दीला द्यायचे नसते, हेही स्पष्ट सांगायला हवे. एरवी निरोगी असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला सौम्य ताप व खोकला असेल तर पुष्कळदा घरी विश्रांती आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी पुरते. पाच वर्षांखालील, त्यातही दोन वर्षांखालील मूल, किंवा दमा, हृदयविकार यांसारखा आधीचा आजार असलेले मूल यांच्या बाबतीत मात्र डॉक्टर थांबत नाहीत.

आता रिपोर्टचा मुद्दा. यात सर्वाधिक वेळ वाया जातो. समजा, सातव्या महिन्यातील एका स्त्रीला सोमवारी रात्री आठ वाजता कणकण आली. मंगळवारी तिने अंगावर काढले आणि संध्याकाळी दवाखाना गाठला. तोवर २२ तास गेले होते. तिथेच गोळी लिहून मिळाली आणि रात्री जेवून तिने पहिली मात्रा घेतली, तर ती पहिल्या २६ तासांत पडली. तीच स्त्री बुधवारी सकाळी घशाचा नमुना देऊन शुक्रवारी सकाळच्या रिपोर्टची वाट पाहत बसली, तर पहिल्या मात्रेपर्यंत साडेतीन दिवस उलटतात. हा विषाणू शरीरात सर्वांत वेगाने वाढतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि औषधाचे काम नव्या विषाणूला पेशीतून सुटू न देणे एवढेच आहे. विषाणूने आधीच केलेली इजा ते भरून काढत नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या मार्गदर्शनात रुग्णांचे अ, ब, क असे गट केले, तेव्हा गरोदर स्त्रीला सौम्य लक्षणांतही ब गटात घातले: चाचणीची गरज नाही, घरी वेगळे राहणे आणि ऑसेल्टामिविर. चाचणी क गटातील, म्हणजे दाखल करण्याजोग्या रुग्णांची होते. शिवाय झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असे ठरत नाही, आणि तेवढ्यावरून चालू गोळी मध्येच थांबवणे चुकीचे आहे.

दोन दिवसांच्या मर्यादेचा उगम खरा आहे, पण अर्थ उलटा लावला गेला आहे. एरवी धडधाकट असलेल्या लोकांवर झालेल्या चाचण्यांत ४८ तासांच्या आत औषध सुरू केल्यास आजार साधारण एका दिवसाने आटोपला. त्यावरून ही मुदत रूढ झाली. गरोदर स्त्री, लहान बाळ किंवा दाखल झालेला रुग्ण यांच्यासाठी ती मुदत नाही. २००९ मधील अमेरिकेतील नोंदींत, चार दिवसांनंतर औषध सुरू झालेल्या गरोदर स्त्रियांना अतिदक्षता विभागाची गरज पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेल्यांच्या सुमारे सहापट पडली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू झालेल्यांची स्थिती या दोहोंच्या मधली होती, म्हणजे उशिरा का होईना, गोळी घेण्यात अर्थ आहे.

गरोदरपणात धाप लागते, हे खरे. परंतु ती आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू वाढते, आणि तिच्यात श्वास खोल होतो, त्यांची संख्या फारशी वाढत नाही. तापासोबत एक-दोन दिवसांत आलेला दम, बोलताना वाक्य मध्येच तुटणे, बसल्या जागी मिनिटाला २४ किंवा अधिक श्वास, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९५ पेक्षा कमी आकडा, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, चक्कर किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही दिसले तर त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.

बाळाचे श्वास मोजायचे तर ते शांत असताना, शक्यतो झोपेत, सदरा वर करून, पोटावर नजर ठेवून, घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि वर्ष ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, हा वेग धोक्याचा. छाती उडते असे आपण म्हणतो तेव्हा नीट पाहावे: श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो का, कण्हल्यासारखा आवाज येतो का. अंगावर पिणे सोडलेले, जागे केले तरी मलूल पडून राहणारे, झटका आलेले, ओठ निळसर झालेले किंवा सात-आठ तास लघवी न केलेले बाळ सकाळपर्यंत थांबवू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप असला तरी त्याच दिवशी दाखवावे.

उतरलेल्या तापावर विसंबता येत नाही, कारण पॅरासिटामॉलने ताप उतरतो तेव्हाही फुप्फुसांतील सूज वाढत असू शकते. गरोदर स्त्रीने तापासाठी पॅरासिटामॉल घेणे योग्यच आहे. मुलांना मात्र फ्लूमध्ये ॲस्पिरिन कधीही देऊ नये. आणखी एक वळण ओळखून ठेवावे: तीन-चार दिवसांनी बरे वाटते, एखादा दिवस ताप येत नाही आणि मग तो पुन्हा चढतो, सोबत खोकला वाढतो. हा बहुधा फ्लूवर बसलेला जिवाणूंचा न्यूमोनिया असतो आणि त्याला ऑसेल्टामिविर पुरत नाही, प्रतिजैविक लागते. म्हणून ताप पहिल्यांदा केव्हा आला, गोळीची पहिली मात्रा केव्हा घेतली आणि मध्ये ताप किती तास नव्हता, या वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात व तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा. महाराष्ट्रात रात्री वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करून ‘गरोदर आहे, श्वास लागतो आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.