पॉलिसी हातात पडली तो दिवस

"हेल्थ पॉलिसी पसंत नसेल तर पैसे भरल्यापासून पंधरा दिवसांत एजंटकडे परत द्या, त्याच्या सहीशिवाय कंपनी घेत नाही. पॉलिसी पीडीएफने आली असेल तर हा हक्क मिळत नाही. कागदी असेल तर एक रुपयाही न कापता पूर्ण प्रीमियम परत मिळतो. रिन्यूअललाही दर वर्षी हीच सवलत आहे. सोलापूरकरांनो, पुढे पाठवा!"

हा निरोप गेल्या काही महिन्यांत मला निरनिराळ्या गटांतून चार वेळा आला. त्यातला एकच भाग खरा आहे, तो म्हणजे आरोग्य विम्याची पॉलिसी घेतल्यावर ती परत करण्याची मुदत असते. तिला फ्री लूक कालावधी म्हणतात. बाकीचे एकेक विधान तपासू.

पहिला प्रश्न मुदतीचा. पंधरा दिवसांचा आकडा जुन्या नियमांतला आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे नवे विनियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि त्यांत ही मुदत ३० दिवसांची करण्यात आली. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसींना ती लागू नाही, हा अपवाद लक्षात ठेवावा. पण दिवसांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचे आहे ते हे की, मोजणी पैसे भरल्यापासून नव्हे तर पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून होते, मग तो कागदावर मिळालेला असो वा ईमेलने आलेला असो. पीडीएफ आल्याने हक्क जात नाही. उलट ती कधी आली याची नोंद ईमेलवर आपोआप राहते, जी कुरिअरच्या पाकिटावर बहुधा कोणी जपत नाही.

खरा गुंता इथेच होतो. मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचे दिवाणजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांनी ३ नोव्हेंबर २०२५ रोजी पती-पत्नीसाठी ५ लाखांच्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीचे २१,९०० रुपये भरले. विमा संरक्षण ४ तारखेपासून सुरू झाले. पॉलिसी मात्र त्यांच्या व्हॉट्सॲपवर पोहोचली ती २४ नोव्हेंबरला, तीही एजंटने पुढे पाठवल्यावर. कागद वाचल्यावर तीन गोष्टी दिसल्या. खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापुरते, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये मर्यादित होते. प्रत्येक दाव्यात २० टक्के वाटा स्वतः भरायचा होता. आणि प्रस्ताव अर्जात पत्नीच्या मधुमेहासमोर "नाही" अशी खूण होती. पहिल्या दोन अटी महाग पडणाऱ्या होत्या, पण तिसरी गोष्ट अधिक गंभीर होती, कारण अर्जात आजार दडवल्याचा ठपका बसला तर पुढे मोठा दावाच नाकारला जाऊ शकतो. ही खूण एजंटने केली की घाईत झाली, हे ठरवण्याची गरज नव्हती. अर्जावर ओटीपी दिवाणजींच्या नावाने मंजूर झालेला होता.

त्यांनी ९ डिसेंबरला रद्द करण्याचा अर्ज केला. कंपनीचे उत्तर आले की, नोंदणीकृत ईमेलवर पॉलिसी ५ नोव्हेंबरलाच गेली आहे, त्यामुळे मुदत ५ डिसेंबरला संपली. आता प्रस्ताव अर्जाची प्रत पुन्हा पाहिली तेव्हा ईमेलच्या रकान्यात एजंटचा पत्ता आणि मोबाईलच्या रकान्यात एजंटचाच दुसरा क्रमांक होता. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की पॉलिसी घेताना अर्जातला हा एक रकाना आधी वाचावा असे मी प्रत्येकाला सांगतो. दिवाणजींनी उत्तरात तीन गोष्टी जोडल्या: अर्जाचे ते पान, आपला स्वतःचा ईमेल व मोबाईल क्रमांक, आणि २४ नोव्हेंबरच्या संदेशाचा तारीख दिसणारा स्क्रीनशॉट. पॉलिसी ग्राहकाला कधी आणि कोणत्या मार्गाने पोहोचली याची नोंद कंपनीकडे असावी लागते, आणि इथे ती नोंद एजंटच्या पत्त्यापर्यंतच जात होती. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे प्रकरण गेल्यावर २४ नोव्हेंबर ही तारीख मान्य झाली, म्हणजे शेवटचा दिवस २४ डिसेंबर ठरला आणि ९ तारखेचा अर्ज मुदतीत बसला.

आता एजंटच्या सहीचा मुद्दा. करार विमा कंपनी आणि पॉलिसीधारक यांच्यात असतो, त्यामुळे रद्द करण्याची विनंती पॉलिसीधारकाने थेट कंपनीकडे करायची असते आणि तिला एजंटच्या संमतीची गरज नसते. पॉलिसी रद्द झाली की एजंटला मिळालेले कमिशन परत वळते होते, हे कळले की "मी बघतो, चार दिवस थांबा" या आश्वासनाचा अर्थ उलगडतो. चार दिवसांचे पंधरा होतात, आणि एजंटला तोंडी सांगितलेले कंपनीच्या नोंदीत कुठेही उमटत नाही. कधीकधी कंपनीच्या कार्यालयातूनही फोन येतो आणि पॉलिसी रद्द करण्याऐवजी दुरुस्ती सुचवली जाते. दुरुस्ती हवी असल्यास जरूर करावी. फक्त मुदत संपण्यापूर्वी दुरुस्तीचे पत्र हातात नसेल तर रद्द करण्याचा अर्ज मागे घेऊ नये.

अर्ज लांबलचक लागत नाही. पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, "फ्री लूक कालावधीत पॉलिसी रद्द करून प्रीमियम परत करावा" हे स्पष्ट वाक्य, एका ओळीत कारण, "या पॉलिसीवर कोणताही दावा केलेला नाही" हे विधान, आणि परतावा ज्या खात्यात हवा त्याचा रद्द केलेला धनादेश, एवढे पुरे. हा अर्ज पॉलिसीवर छापलेल्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर स्वतःच्या ईमेलवरून पाठवावा आणि विनंती क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. ईमेल सोयीचे नसेल तर शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. कागदी पॉलिसी मिळाली असेल तर ती सोबत परत करावी, पण आधी प्रत्येक पानाची छायाप्रत काढून ठेवावी. प्रीमियम स्वयंचलित वजावटीने जात असेल तर बँकेतील तो आदेशही बंद करावा, अन्यथा पुढचा हप्ता कापला जातो आणि त्यासाठी निराळी पत्रापत्री करावी लागते.

"एक रुपयाही न कापता" हे विधान लोकांना सर्वांत जास्त आवडते आणि नंतर सर्वांत जास्त भांडणे त्याच्यावरूनच होतात. नियमाप्रमाणे तीन गोष्टी वजा होतात: जितके दिवस विमा संरक्षण चालू होते तितक्या दिवसांचा जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी कंपनीने करवली असल्यास तिचा खर्च, आणि मुद्रांक शुल्क. दिवाणजींच्या बाबतीत वर्षाचे २१,९०० रुपये म्हणजे दिवसाला ६० रुपये पडत होते. ४ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर असे ३६ दिवस झाले, म्हणून २,१६० रुपये. त्यांच्या तपासणीचे १,५०० रुपये. मुद्रांक शुल्काचा १ रुपया. एकूण वजावट ३,६६१ रुपये आणि परतावा १८,२३९ रुपये. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, म्हणून या हिशेबात तो येत नाही. यापेक्षा वेगळी वजावट दिसली, उदाहरणार्थ "प्रक्रिया शुल्क" किंवा "एजंट कमिशन", तर ती कोणत्या नियमाखाली केली हे लेखी विचारावे. या काळात दावा केला असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो. कॅशलेस उपचार घेऊन नंतर पॉलिसी परत करता येत नाही.

विनंती मिळाल्यापासून सात दिवसांत परतावा द्यावा, असे प्राधिकरणाचे बंधन आहे. तो न आल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे आणि 'बीमा भरोसा' या पोर्टलवर तक्रार नोंदवावी; १५५२५५ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर सोलापूरकरांना पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

राहिला नूतनीकरणाचा मुद्दा. नूतनीकरणाला फ्री लूक नाही, एवढ्यावर तो संपला असता. पण याच समजातून एक वेगळे नुकसान होते. समजा आपली जुनी पॉलिसी सहा वर्षांची आहे आणि ती पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत नेली. नव्या कंपनीकडची ती पहिली पॉलिसी असली तरी आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार पोर्ट करतानाही फ्री लूक मिळत नाही. ती नेहमीच्या मार्गाने रद्द केली तर काही पैसे परत येतील, पण तोपर्यंत जुनी पॉलिसी संपलेली असते. मधुमेहासारख्या पूर्वीच्या आजारासाठीची प्रतीक्षा, जी आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते, त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाण्याची वेळ येते. वार्षिक प्रीमियमच्या पॉलिसीला नूतनीकरणासाठी ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. तेव्हा पोर्ट केलेली पॉलिसी रद्द करण्याआधी जुन्या कंपनीकडे त्या मुदतीत नूतनीकरण होईल का, हे लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर येईपर्यंत नवी पॉलिसी सोडू नये.

मुदत हुकली म्हणून सारे पैसे बुडाले असेही नाही. प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार सात दिवसांची लेखी सूचना देऊन पॉलिसी केव्हाही रद्द करता येते आणि एक वर्षाच्या पॉलिसीत, दावा झालेला नसल्यास, उरलेल्या काळाच्या प्रमाणात प्रीमियम परत मिळतो. दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरले असतील तर परिपत्रकात अजून सुरू न झालेल्या वर्षांच्या प्रीमियमचा उल्लेख आहे. चालू वर्षाचा हिशेब कसा होईल ते पॉलिसीच्या अटींत पाहावे. म्हणूनच एकदम तीन वर्षांचा प्रीमियम भरणाऱ्याने पहिल्या ३० दिवसांतच ग्राहक माहिती पत्रक बारकाईने वाचावे. ते मराठीतही मागता येते, आणि खोलीभाडे, स्वतःचा वाटा व प्रतीक्षा काळ या तिन्ही गोष्टी त्यात थोडक्यात दिलेल्या असतात.