ॲप काढलं तरी पासचे पैसे जातातच

परवा खानापूरला चुलतवहिनींकडे गेलो होतो. चहाचं आधण ठेवता ठेवताच त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "भावजी, ते क्रिकेटचं ॲप मी दोन महिन्यांमागंच काढून टाकलं की हो! तरी २९९ गेलेच बघा."

त्यांच्याकडे सात-आठ ॲपचा एकत्र पास आहे. वहिनींना मराठी मालिका लागतात. काकूंचं माहेर धारवाडकडचं, त्यांना कन्नड. क्रिकेट बघणारा मुलगा शिकायला पुण्याला गेला, म्हणून वहिनींनी ते एक ॲप काढलं. हिशोब त्यांच्या परीनं बरोबर होता. पण ॲप मोबाईलमधनं काढलं म्हणून पैसे थांबत नाहीत. त्या ॲपमध्ये जाऊन बंद करायचं म्हटलं तरी तिथं बटणच सापडत नाही, कारण आपला व्यवहार त्या ॲपशी झालेलाच नसतो. तो झालेला असतो पास विकणाऱ्याशी.

हे ओळखायचं कसं? यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'ची यादी उघडा. वहिनींच्या यादीत एकच ओळ होती, पासवाल्याच्या नावाची, २९९ रुपयांची. एक ओळ म्हणजे एकच सौदा, त्यातनं एक ॲप वेगळं काढता येत नाही. काही ठिकाणी मात्र मूळ वर्गणीवर एकेक ॲप वेगळी किंमत देऊन जोडलेलं असतं. तिथं विकणाऱ्याच्या खात्यात प्रत्येक ॲपची स्वतंत्र नोंद आणि तारीख दिसते, त्यामुळं एक बंद केलं तरी बाकीची चालू राहतात.

पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वहिनींना तो मेसेज आलाही होता. इंग्रजीत होता, जाहिरात समजून त्यांनी सोडून दिला. त्यांची काय चूक? "यातलं एक ॲप वेगळं बंद करता येणार नाही," एवढं एक वाक्य पैसे घ्यायच्या आधी मराठीत, कन्नडात ठळक लिहायला हवं. घर चालवणाऱ्या बाईला हे तीनदा पैसे गेल्यावर कळावं, याचा मला खरंच राग येतो.

मग आम्ही कागदावर मांडलं. लागणारी दोन ॲप थेट घेतली तर ७९ आणि ९९, म्हणजे १७८. पासपेक्षा १२१ कमी. १२१ पेक्षा महाग असं तिसरं एक लागलं असतं, तर मी पास ठेवा म्हणालो असतो.

आधी पासवाल्याच्या ॲपमधनं नूतनीकरण बंद केलं, मग पिन घालून ऑटोपेही रद्द केलं. भरलेल्या पैशांचा पास १८ तारखेपर्यंत चालणार आहे, तोवर नवीन काही घ्यायचं नाही. घेतलं तर त्याच ॲपचे दोनदा पैसे जातील. नंतर घेताना मोबाईल नंबर जुनाच घालायला सांगितलंय, म्हणजे काकूंची मालिका जिथं थांबली तिथनंच पुढं लागण्याची शक्यता जास्त. कॅलेंडरवर १९ तारखेला वहिनींनी पेननं गोल केलाय.