पाकोळी घरात आली तर आधी पंखा बंद करा

परवा रात्री पावणेबाराला सासूबाईंची हाक आली, "अगं, चिऊच्या खोलीत काहीतरी फिरतंय बघ." आम्ही ठाण्यात वसंत विहारला चौथ्या मजल्यावर राहतो, येऊरचा डोंगर जवळच. खिडकीची जाळी दुरुस्तीला गेली होती आणि उकाड्यामुळे खिडकी सताड उघडी होती. आधी मोठा पतंग वाटला. मग दिवा लावला आणि कळलं, पाकोळी आहे. आमच्याकडे कोकणात लहान वटवाघळाला पाकोळीच म्हणतात. ट्यूबभोवती किडे जमतात, त्यांच्या मागे ती आत येते.

चिऊ चार वर्षांची, गाढ झोपलेली. नवऱ्याने तिला तसंच उचलून हॉलमध्ये नेलं आणि परत येताना केरसुणी घेऊन आला. सासूबाई दारातून म्हणत होत्या, "डोकं झाक, केसांत अडकतं ते." भीती मलाही वाटत होती, कारण पाकोळी दर फेरीला थेट आमच्या तोंडावर येत होती. पण नीट पाहिलं तर ती भिंतीजवळ उंच जायची आणि खोलीच्या मध्यावर खाली यायची. एवढ्याशा खोलीत तिला सतत वळावं लागतं, वळताना वेग कमी होतो आणि ती खाली येते. आपण नेमके मध्यभागी उभे असतो, म्हणून ती अंगावर येतेय असं वाटतं. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि ते थांबलं.

खरा धोका डोक्यावर फिरत होता. पंखा पाचवर होता. मी धावत जाऊन तो बंद केला, आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. केरसुणी मी हातातून काढून घेतली. पाकोळीचा पंख म्हणजे तिची लांबच लांब बोटं आणि त्यांवर ताणलेली पातळ कातडी. एक फटका बसला की हाड मोडतं. मग ती बाहेर जाऊच शकत नाही, पलंगामागे पडून राहते आणि सकाळी लेकरू तिला हातात उचलतं.

मग खोलीचं दार लावलं, फटीत चादर कोंबली, पडदे बाजूला केले, सरकती खिडकी जेवढी उघडते तेवढी उघडली आणि घरातले, बाल्कनीतले सगळे दिवे मालवले. बहुतेक वेळा एवढ्यावर ती दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते. आमची गेली नाही. फडफड थांबली म्हणून टॉर्च मारला, तर बाजूला केलेल्या पडद्याच्या वरच्या चुणीत अंगठ्याएवढी होऊन बसली होती. दमली की ती अशीच फट शोधते.

नवऱ्याने कुंडीकामाचे जाड चामडी हातमोजे घातले. श्रीखंडाचा रिकामा डबा तिच्यावर अलगद टेकवला आणि मी पडदा आणि डब्याच्या मधून जुनी लग्नपत्रिका सरकवली. पत्रिका हळू सरकवायची, नाहीतर बोटं चिरडतात. डबा जमिनीवर ठेवला नाही, कारण बऱ्याच जातींना जमिनीवरून उडणं जड जातं. त्यांना आधी खाली झेपावायला उंची लागते. खिडकीच्या कठड्यावर डबा आडवा ठेवून पत्रिका काढली. ती सरपटत काठाशी आली, क्षणभर थांबली आणि खाली झोकून देऊन अंधारात गेली. सासूबाईंनी हात जोडले.

पण रात्र तिथे संपली नव्हती. पाकोळी आत कधी आली ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि चिऊ त्या खोलीत नऊपासून एकटी झोपली होती. दिव्याखाली तिचे हात, मान, कानामागे, केसांत सगळं पाहिलं. काही दिसलं नाही. पण पाकोळीचे दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही, आणि झोपेतलं मूल सांगू शकत नाही. रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट आलेला संबंध सर्वांत गंभीर गटात धरते. चावा किंवा ओरखडा दिसला असता तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन रात्रीच दवाखाना गाठला असता. आम्ही सकाळी गेलो. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि स्पर्श झालाच नाही असं खात्रीने सांगता येत नाही म्हणून लस सुरू केली. पहिला डोस त्याच दिवशी, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही नातेवाइकांना हे जास्त वाटलं. मला नाही वाटत. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र लगेच सुरू झालं, मागचं झाड तोडा, डक्टमध्ये औषध मारा. माझा दोन्हींना ठाम विरोध आहे. या पाकोळ्या रात्रभर किडेच खातात. आणि आमच्याकडे ती आली ती झाडामुळे नाही, जाळी नव्हती म्हणून आली. काल संध्याकाळी जाळी बसली. चिऊला रात्रीची गोष्ट सांगितली, तर तिने एकच विचारलं, "आई, तिला घर सापडलं का गं?"